व्हाउचर नसलेली नोंद

डेटा सायन्सच्या मास्टर्सला अर्ज करणाऱ्या बी.कॉम. आणि बी.ए. झालेल्या मुलामुलींची स्टेटमेंट्स मी गेली काही वर्षं वाचतो आहे. स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणजे विद्यापीठाला लिहून द्यायचं एक-दोन पानी निवेदन. मी कोण, मला हा कोर्स का हवा आणि तो मला झेपेल यावर तुम्ही विश्वास का ठेवावा, एवढं त्यात सांगायचं असतं. मी स्वतः गोंदिया जिल्ह्यातला, कॉमर्सचा, आणि आता आकड्यांच्या कामावरच पोट भरणारा. त्यामुळे तिरोडा, आमगाव, देवरीकडची मुलं 'भाऊ, जरा बघून देता का?' म्हणून कागद पाठवतात.

यातले बहुतेक कागद एकाच साच्यातले असतात. पहिलं वाक्य, 'लहानपणापासून मला आकड्यांचं आकर्षण होतं.' दुसरं, 'आजच्या युगात डेटा हेच नवं तेल आहे.' मग ऑनलाइन कोर्सच्या दहा-बारा प्रमाणपत्रांची यादी. आणि शेवटी मान खाली घालून आलेलं एक वाक्य: 'माझी पार्श्वभूमी कॉमर्सची असली तरी मी मेहनत घेईन.'

माझं म्हणणं सरळ आहे. यातली पहिली दोन वाक्यं निरुपयोगी आहेत, यादी जवळजवळ निरुपयोगी आहे आणि शेवटचं वाक्य तर नुकसान करणारं आहे. हा साचा पैसे घेऊन विकणारे लोक तुमच्या हातातली एकमेव खरी गोष्ट पुसून टाकतात आणि तिच्या जागी कुणाचंही असू शकेल असं काहीतरी ठेवतात.

समोरच्या माणसाला काय हवंय?

अर्ज वाचणाऱ्याच्या जागी क्षणभर बसून बघा. त्याच्यासमोर तुमची गुणपत्रिका आहे. तीत कॉस्ट अकाउंटिंग आहे, कंपनी लॉ आहे, बँकिंग आहे. त्याला पडलेला प्रश्न एकच: पहिल्याच सेमिस्टरला लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी आणि प्रोग्रामिंग एकदम अंगावर येईल, तेव्हा हा मुलगा टिकेल का? यात तुच्छता असेलच असं नाही. अर्ध्यात कोर्स सोडावा लागला तर फी, वर्ष आणि घरचं कर्ज तुमचंच बुडणार असतं. या प्रश्नाला 'मला लहानपणापासून आवड होती' हे उत्तर होऊ शकत नाही.

गंमत अशी, की या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं हे कॉमर्सवाल्याला इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत असायला हवं. रोजकीर्दीत खर्चाची नोंद केली आणि तिच्यामागे व्हाउचर नसेल, तर ऑडिटर ती मान्य करत नाही. तुम्ही किती प्रामाणिक आहात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याला कागद हवा असतो, तारीख हवी असते आणि तो कागद त्याच नोंदीचा आहे हे दिसायला हवं असतं. हे आपण तीन वर्षं शिकतो, आणि स्टेटमेंट लिहायला बसलो की पानभर व्हाउचर नसलेल्या नोंदी करतो. आर्ट्सवाल्यांचंही तेच. इतिहासाच्या पेपरात साधनाशिवाय विधान केलं तर गुण जातात, हे त्यांना पाठ असतं. स्वतःबद्दल लिहिताना मात्र ते विसरलं जातं.

म्हणून पहिला नियम हा: स्टेटमेंटमधल्या ज्या वाक्याला व्हाउचर जोडता येत नाही, ते वाक्य काढून टाका.

प्रमाणपत्र हे व्हाउचर आहे का?

काही आहेत, बहुतेक नाहीत. फरक एका गोष्टीत आहे: परीक्षा देताना तुमच्यावर कुणाची नजर होती का? व्हिडिओ बघून, चार पर्यायांचे प्रश्न पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा सोडवून मिळालेलं प्रमाणपत्र एवढंच सांगतं, की तुम्ही शेवटपर्यंत क्लिक केलं. अशी अकरा प्रमाणपत्रं एकापाठोपाठ आली की वाचणारा पहिल्या दोनवर नजर टाकतो आणि पुढे जातो.

याउलट एनपीटीईएलच्या कोर्सचं बघा. कोर्स फुकट करता येतो. प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊन देखरेखीखाली परीक्षा द्यावी लागते, आणि अंतिम गुणांत त्या परीक्षेचा वाटा ७५ टक्के असतो, घरी सोडवलेल्या असाइनमेंटचा २५ टक्के. किंवा गेट परीक्षा घ्या. २०२४पासून तिच्यात डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स असा वेगळा पेपर आहे, आणि आर्ट्स-कॉमर्सचे पदवीधरही गेटला बसू शकतात. प्रोबॅबिलिटी, लिनिअर अल्जेब्रा, कॅल्क्युलस, पायथनमधलं प्रोग्रामिंग, डेटाबेस, मशीन लर्निंग हे सगळं त्या एका पेपरात येतं. म्हणजे बी.कॉम.वाल्याला जे सिद्ध करायचं असतं, नेमकं तेच. गेट दिली म्हणजे एम.टेक.चा दरवाजा उघडला असं नाही, कारण पदवीची अट प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. पण अर्जात 'मी गणित स्वतः शिकलो' या वाक्यामागे हा स्कोअर जोडला, की त्या वाक्याला वजन येतं. अकरा कागदांपेक्षा असा एक कागद भारी.

हे गणिताचं झालं. काम करता येतं हे दाखवायला मात्र परीक्षा पुरत नाही. तिथे प्रोजेक्ट लागतो, आणि खरी गडबड तिथेच होते.

९८ टक्क्यांची गोष्ट

आमगावकडची एक मुलगी. बारावी कॉमर्सला गणिताऐवजी एसपी घेतलेली, मग बी.कॉम., आणि आता गोंदियातल्या एका राइस मिलच्या ऑफिसात हिशेब बघते. पायथन आधी मोबाइलवर आणि मग सेकंडहँड लॅपटॉपवर शिकली. तिचा प्रोजेक्ट होता धानाच्या बाजारभावाचा अंदाज. डेटा केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट पोर्टलवरून घेतलेला. तिथे बाजार समितीनिहाय रोजची आवक मिळते आणि किमान, कमाल व मोडल भाव मिळतो. मोडल म्हणजे त्या दिवशी ज्या भावाने जास्तीत जास्त व्यवहार झाले तो भाव.

तिच्या स्टेटमेंटमधलं मुख्य वाक्य होतं, 'मी मशीन लर्निंग मॉडेल बनवून धानाचा भाव ९८ टक्के अचूकतेने वर्तवला.'

हे वाक्य जाणत्या माणसाने वाचलं की त्याच्या भुवया वर जातात, आणि कौतुकाने नाही. भावाच्या अंदाजाला 'टक्के अचूकता' असं काही नसतं. अंदाज किती रुपयांनी चुकला ते सांगावं लागतं. तिने ज्याला अचूकता म्हटलं होतं तो आर-स्क्वेअर नावाचा आकडा होता. धानाचा भाव एका रात्रीत फारसा हलत नाही. त्यामुळे 'उद्याचा भाव म्हणजे आजचाच भाव' असं डोळे मिटून सांगितलं तरी हा आकडा भलताच चांगला येतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. मॉडेल तपासण्यासाठी तिने काही दिवस बाजूला काढले होते, पण ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे कुठूनही उचललेले. म्हणजे सोमवार आणि बुधवारचा भाव मॉडेलने आधीच पाहिलेला, आणि परीक्षेत त्याला मंगळवार विचारला. शिवाय हमीभाव दर हंगामाला बदलतो. साधारण धानाचा २०२३-२४ला क्विंटलला २१८३ रुपये होता, २०२४-२५ला २३०० झाला. खरा अंदाज बांधणाऱ्याला पुढच्या हंगामाचे भाव आधी दिसत नसतात. चिठ्ठ्या टाकून उचललेल्या डेटात मॉडेलला ते दिसलेले असतात.

यावर उपाय पाच ओळींचा आहे. एक बाजार आणि एक वाण घ्यायचं, तारखेने लावायचं, शेवटचे २० टक्के दिवस परीक्षेसाठी ठेवायचे आणि आधी बिनडोक अंदाज किती चुकतो ते मोजायचं:

```python
df = df.sort_values("date")
cut = int(len(df) * 0.8)
naive = df["modal_price"].shift(1)
error = (df["modal_price"] - naive).abs()
print(error.iloc[cut:].mean())
```

समजा, पाच दिवसांचे भाव २१००, २१००, २१२०, २११०, २११० असे आहेत. 'उद्या म्हणजे आजच' हा अंदाज अनुक्रमे ०, २०, १० आणि ० रुपयांनी चुकतो. सरासरी चूक साडेसात रुपये. आता तुमचं मॉडेल सरासरी नऊ रुपयांनी चुकत असेल, तर ते कितीही मोठ्या नावाचं असो, गुमास्त्याच्या अंदाजापेक्षा वाईट आहे.

तिने ही तपासणी केली आणि तिचं मॉडेल हरलं. 'म्हणजे वर्षभराचं काम पाण्यात गेलं ना, भाऊ?' असं तिने विचारलं. मी म्हटलं, पाण्यात काय गेलं? ९८ टक्के म्हणणारे रांगेत शेकडो उभे आहेत. आपलं मॉडेल कशामुळे फसवं दिसत होतं हे शोधून दाखवणारा क्वचित एखादा असतो. वर्षभराच्या कामातून तुझ्या हाती आलेलं व्हाउचर हेच.

टेबलात नसलेलं धान

पुढचा भाग तिने एकटीने केला, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तोच. आवक आणि भाव गुणून एकूण उलाढाल काढताना तिच्या लक्षात आलं, की आकडा दहापटीने कमी येतोय. आवक टनांत होती आणि भाव क्विंटलचा. एका टनात दहा क्विंटल. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ताळा न जमलेला आकडा खुपतो, आणि तिला तो खुपला.

मग तिने आणखी एक प्रश्न विचारला. हंगामात, धान सगळीकडे ओसंडून वाहत असताना, बाजार समितीतली आवक तिच्या अपेक्षेपेक्षा कमी का दिसते? उत्तर तिच्या टेबलावरच्या रजिस्टरात होतं. आपल्या जिल्ह्यात भरपूर धान मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रांवर हमीभावाने विकलं जातं. ते बाजार समितीच्या लिलावात येतच नाही. केंद्रावरून ते भरडाईसाठी मिलमध्ये जातं, आणि अरवा तांदळाला ६७ टक्के उताऱ्याच्या हिशेबाने मिलला तांदूळ सरकारजमा करावा लागतो. १०० क्विंटल धान आलं तर ६७ क्विंटल तांदूळ द्यायचा. म्हणजे बाजार समितीची आवक हा जिल्ह्यातल्या पिकाचा आकडाच नव्हे. केंद्रं सुरू आहेत की बंद, यावर ती वरखाली होते. हे मॉडेलला कळणं शक्य नाही, कारण ती माहिती त्या टेबलातच नाही.

बेंगळुरूत बसून तोच डेटा डाउनलोड करणाऱ्या इंजिनिअरला हे सहजी दिसणार नाही. तिला दिसलं, कारण ती बी.कॉम. आहे आणि राइस मिलमध्ये बसते. साच्यातल्या स्टेटमेंटने नेमक्या याच दोन गोष्टी झाकायला सांगितल्या होत्या.

नंतर तिने इंग्रजीत जो परिच्छेद लिहिला, त्याचा आशय असा होता:

'मी गोंदियातल्या राइस मिलमध्ये हिशेब लिहिते. अ‍ॅगमार्कनेटवरच्या धानाच्या भावांवर मी अंदाजाचं मॉडेल केलं. तारखेनुसार तपासल्यावर ते आदल्या दिवशीच्या भावापेक्षा चांगला अंदाज देत नाही असं दिसलं. आधीचा चांगला निकाल चुकीच्या विभागणीमुळे आला होता, आणि दोन्ही तपासण्या सोबतच्या लिंकवर आहेत. सरकारी खरेदी या डेटात येत नाही, म्हणून आवकेवरून पुरवठ्याचा निष्कर्ष काढता येत नाही. वेळेवर अवलंबून असलेला डेटा आणि डेटातून गळालेला भाग कसा हाताळावा, हे मला शिकायचं आहे.'

यात 'आवड' हा शब्द नाही, माफी नाही, तेल नाही. प्रत्येक वाक्य कुणीही उघडून तपासू शकतो. आणि शेवटच्या वाक्यात, कोर्स कशासाठी हवा याचं उत्तर कामातूनच आलेलं आहे.

लिंकच्या पलीकडे

कामाची लिंक दिली म्हणजे झालं असं समजू नका. वाचणाऱ्याकडे दोन मिनिटं असतात. लिंक लॉग-इन न मागता उघडली पाहिजे. README नावाची फाइल असली पाहिजे आणि तिच्या पहिल्या पाच ओळींत प्रश्न काय, डेटा कुठला, निकाल काय आणि मर्यादा काय हे आलं पाहिजे. गिटहबवर कामाचा इतिहास तारखांसह दिसतो. सहा महिन्यांत थोडंथोडं वाढलेलं काम आणि अर्जाच्या आदल्या रात्री एकदम चढवलेल्या वीस फाइली यांतला फरक दिसायला तज्ज्ञ लागत नाही.

पण या तारखाही मागेपुढे करता येतात, हे समितीवरच्या लोकांना ठाऊक असतं. म्हणून शेवटचा पुरावा तुम्ही स्वतः असता. मुलाखत झाली तर विचारतील, 'हे .shift(1) नेमकं काय करतं? दोन बाजारांचा डेटा एकाखाली एक असेल तर काय बिघडेल?' उत्तर असं, की ते प्रत्येक ओळीसमोर तिच्या वरच्या ओळीतला आकडा आणून ठेवतं. दोन बाजार मिसळलेले असतील तर आमगावच्या भावासमोर गोंदियाचा भाव येईल. हे कोऱ्या कागदावर समजावता येत असेल तरच ते स्टेटमेंटमध्ये लिहा. दुसऱ्याच्या नोटबुकमधून उचललेला प्रोजेक्ट इथे उघडा पडतो.

स्टेटमेंट काय करू शकत नाही?

आता कटू भाग. कितीही चांगलं स्टेटमेंट पात्रतेची अट मोडू शकत नाही. आपल्याकडच्या अनेक एम.एस्सी. कोर्सना पदवीला गणित किंवा स्टॅटिस्टिक्स लागतं. जर्मनीतली कित्येक विद्यापीठं गणित आणि कॉम्प्युटरचे पदवीतले क्रेडिट अक्षरशः मोजतात आणि कमी पडले तर अर्ज बाजूला ठेवतात. अशा ठिकाणी अर्जाचे पैसे घालवू नका, आणि घालवायला सांगणाऱ्या सल्लागारावर विश्वास ठेवू नका.

पण दारं आहेत. इंग्लंडमध्ये २०२०पासून इतर विषयांच्या पदवीधरांसाठी डेटा सायन्स आणि एआयचे कन्व्हर्जन मास्टर्स सरकारी मदतीने सुरू झाले. ते आपल्यासारख्यांसाठीच आखलेले आहेत, खर्च मात्र नीट बघा. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस कोर्सला बारावी कोणत्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असलं की पुरतं. ती मास्टर्स नव्हे, पण गणिताची भिंत पार करायचा तो प्रामाणिक रस्ता आहे. आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसने ऑनलाइन मास्टर्ससाठी वेगळाच मार्ग घेतला: आधीची गुणपत्रिका नको, सुरुवातीचे ठरावीक विषय आमच्याकडेच करा, ठरलेले गुण मिळवा आणि आत या.

हे शेवटचं उदाहरण माझ्या मनात घर करून आहे, कारण माझं खरं भांडण तिथे पोचतं. आर्ट्स-कॉमर्सवाल्याला सगळे म्हणतात, 'सिद्ध कर.' इंजिनिअरिंगच्या पदवीला मात्र कुणी हटकत नाही. मग त्या मुलाने चार वर्षांत स्वतःच्या हाताने एक ओळ कोड लिहिलेला नसला तरी चालतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी, जवळच्या कॉलेजात सायन्सला जागा आहे का आणि घरून परवडेल का यावर जे ठरलं, त्याला आपण बुद्धीचं मोजमाप समजतो. तिने एसपी घेतलं ते गणित जमत नव्हतं म्हणून नव्हे. सगळ्या मैत्रिणी एसपीलाच गेल्या म्हणून.

तरीही 'आमच्याकडे पुरावा मागू नका' असं मी म्हणणार नाही. पुरावा मागणं बरोबरच आहे. अन्याय एवढाच, की तो फक्त आपल्याकडे मागितला जातो. सगळ्यांकडे मागा. पदवीचं नाव झाकून काम उघडा, चालवून बघा, चार प्रश्न विचारा. त्या परीक्षेत राइस मिलमध्ये हिशेब लिहिणारी मुलगी आणि इंजिनिअर एका बाकावर बसतील, आणि टनाचे क्विंटल करायला कोण विसरलं ते लगेच कळेल.